250 मॉर्फचा चेहरा: फाइल 135 एमबी, मेमरी मात्र 1 जीबीच्या वर. कुठे जाते आहे?

ओवी_पुणे

नमस्कार मंडळी. कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी आम्ही उच्चार शिकवणारं एक वेबपान बनवतोय. पानावर एक चेहरा मराठीतला एकेक वर्ण सावकाश म्हणून दाखवतो. ओठ, जबडा आणि जीभ नीट दिसणं हाच सगळा मुद्दा आहे, कारण मूल ते बघूनच शिकणार. 'ल' आणि 'ळ' यांत ओठ जवळजवळ सारखेच राहतात, फरक जिभेच्या टोकाचा असतो. म्हणून शेप कमी करून भागत नाही. आज एकूण 250 मॉर्फ टार्गेट आहेत: मूळ हावभाव 90 च्या आसपास, बाकी सगळे दोन-तीन शेप एकत्र आले की लागणारे दुरुस्तीचे शेप.

थ्री.जेएस वापरतो, मॉडेल जीएलबी फाइलमध्ये आहे. लॅपटॉपवर झकास चालतं. पण ज्या शिक्षिका हे वर्गात वापरणार आहेत त्यांच्या 3 जीबी रॅमच्या फोनवर पान उघडतं, करडा पडदा दिसतो आणि ब्राउझर पान पुन्हा लोड करतो. दोनदा असं झालं की थेट एरर. फाइल 135 एमबी आहे, ती मोठी आहे हे मान्य. पण 135 एमबीने 3 जीबीचा फोन झोपायला नको ना? मेमरी नेमकी कुठे जाते हे कसं शोधायचं?

सागरगोटा

टेक्श्चर किती मोठी आहेत? चेहऱ्याला 4के लावलं असेल तर तेच खातंय. बेसिसमध्ये बदलून केटीएक्स2 करा, आमचं काम त्यानेच झालं होतं.

ओवी_पुणे

टेक्श्चर दोनच आहेत, दोन्ही 1024 ची. तरी ती काढून साध्या करड्या रंगात चालवून पाहिलं, तसंच होतं. मॉर्फ काढून टाकले की मात्र फोनवर पान आरामात चालतं, म्हणून मॉर्फचं विचारतेय.

खटपट्या

ड्रेको कॉम्प्रेशन लावा. 135 ची 20 होईल, प्रश्न मिटेल.

मुक्काम मॉन्ट्रियल

खटपट्या, इथे ड्रेको चालणार नाही. जीएलटीएफमधलं ड्रेको मूळ मेशची पोझिशन, नॉर्मल, यूव्ही दाबतं. मॉर्फचे डेल्टा ते हातात घेतच नाही, ते जसेच्या तसे बाहेर राहतात. शिवाय ड्रेको व्हर्टेक्सचा क्रम बदलू शकतं. मॉर्फ असताना क्रम राखणारी पद्धत निवडली नाही तर पाचव्या व्हर्टेक्सचा डेल्टा पाचशेव्याला लागतो.

आणि फाइल लहान झाली तरी ओवीताईंचा प्रश्न सुटत नाही, कारण मेमरी लागते ती फाइल उलगडल्यानंतर. चेहऱ्याच्या रिगवर मी बरीच वर्षं काम करतोय. जवळजवळ प्रत्येक नवीन टीम आधी फाइलचा आकार बघते आणि इथेच अडकते.

ओवीताई, कन्सोलमध्ये एवढं चालवा आणि काय येतं ते इथे टाका:

```js
scene.traverse(o => {
  const m = o.geometry?.morphAttributes?.position;
  if (m) console.log(o.name, o.geometry.attributes.position.count, m.length);
});
```

ओवी_पुणे

हे आलं:

```
Head 20112 250
Head_1 4230 250
Head_2 1860 250
Head_3 26400 250
```

पहिली त्वचा. दुसरी दात आणि जीभ, तिसरी पापण्यांचे केस, चौथी डोक्यावरचे केस. पण डोक्यावरच्या केसांना मी एकही मॉर्फ दिलेला नाही! तिथे 250 कुठून आले?

मुक्काम मॉन्ट्रियल

मिळालं. ब्लेंडरमध्ये हे चारही भाग तुम्ही एकाच ऑब्जेक्टमध्ये जोडलेत आणि मटेरियल चार दिलेत, बरोबर? जीएलटीएफमध्ये मटेरियलप्रमाणे त्याच मेशचे चार तुकडे होतात, आणि एका मेशच्या सगळ्या तुकड्यांना सारखेच, त्याच क्रमाने मॉर्फ असले पाहिजेत असा त्या फॉरमॅटचा नियमच आहे. म्हणून केसांनाही 250 मिळाले, सगळे शून्य. शून्य असल्यामुळे फाइलमध्ये त्यांना जागा लागत नाही, तिथे 'इथे सगळी शून्यं' एवढंच लिहिता येतं. म्हणून ते फाइलच्या आकारात दिसले नाहीत. लोडर मात्र प्रत्येकासाठी पूर्ण लांबीचा अॅरे तयार करतो आणि तो शून्यांनी भरतो.

आता एका व्हर्टेक्सला एका शेपमागे काय लागतं ते मोजू. पोझिशनचे तीन फ्लोट आणि नॉर्मलचे तीन, म्हणजे 24 बाइट. ही पहिली प्रत, ती `morphAttributes` मध्ये राहते. थ्री.जेएस हे शेडरला देण्यासाठी टेक्श्चर अॅरे बनवतं, एका शेपला एक थर. त्या टेक्श्चरमध्ये तीन आकडे ठेवायला चार आकड्यांचं घर वापरलं जातं, त्यामुळे पोझिशनला 16 आणि नॉर्मलला 16, एकूण 32 बाइट. ते आधी साध्या मेमरीत तयार होतं आणि तिथेच धरून ठेवलं जातं, ही दुसरी प्रत. मग जीपीयूवर जातं, ही तिसरी. 24 + 32 + 32 = 88 बाइट.

याला 250 ने गुणा: एका व्हर्टेक्समागे 22,000 बाइट. तुमच्या मॉडेलमधला केसाचा एक व्हर्टेक्स, जो कधीच हलणार नाही, तो 22 हजार बाइट धरून बसलाय. एकूण व्हर्टेक्स 52,602. गुणाकार 1157 एमबीच्या आसपास येतो, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या केसांचे. फोनवर जीपीयू आणि प्रोसेसर तीच रॅम वाटून घेतात, त्यामुळे तिन्ही प्रती एकाच 3 जीबीतून जातात.

जास्वंद

अगं बाई, हेच माझ्याकडे झालं असणार! मी व्हीट्यूबर मॉडेल करते. तोंडाचे 52 शेप आहेत, एआरकिटच्या यादीतले. ड्रॉ कॉल कमी व्हावेत म्हणून मी चेहरा, अंग, कपडे सगळं एका मेशमध्ये जोडलं होतं. तेव्हापासून अॅप दुप्पट मेमरी घेतंय आणि मी कपड्यांच्या टेक्श्चरना दोष देत बसले होते.

मुक्काम मॉन्ट्रियल

बरोबर ओळखलंत. ड्रॉ कॉल वाचवायला मेश जोडले की चेहऱ्याचे सगळे शेप पायाच्या बोटापर्यंत पसरतात. चेहरा मानेपाशी वेगळा करा. शिवणीवरचे व्हर्टेक्स दोन्ही बाजूंना राहतील, तिथे डेल्टा शून्यच असला पाहिजे, नाहीतर बोलताना मानेभोवती फट दिसेल.

ओवी_पुणे

धन्यवाद दादा, रात्रीच बसून केलं. केस वेगळं ऑब्जेक्ट, मॉर्फ शून्य. खालचे दात जबड्याच्या हाडाला जोडले. जिभेला 18 शेप उरले, पापण्यांना 34. त्वचेला अजून 250 आहेत. आता फोनवर पान उघडतं! पण दोन-तीन मिनिटांनी किंवा दुसरं अॅप उघडून परत आलं की पुन्हा लोड होतं. तुमच्या हिशोबाने त्वचेचेच 442 एमबी उरलेत. ते कमी होतील का?

गणितवेडा

इथे पीसीए लावा. 250 शेप एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, त्यांत पुष्कळ पुनरावृत्ती असते. मॅट्रिक्सचं एसव्हीडी काढलं तर 40 घटकांत जवळजवळ सगळं बसेल. मेमरी थेट सहापट कमी. मी हे चेहऱ्यांच्या डेटावर करून बघितलंय.

मुक्काम मॉन्ट्रियल

गणितवेडा, पुनरावृत्तीचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण पीसीएचा प्रत्येक घटक सगळ्या चेहऱ्यावर पसरलेला असतो. 40 घटक गुणिले 20,112 व्हर्टेक्स गुणिले 24 बाइट, म्हणजे 19 एमबी. वाईट नाही. पण उजवी भुवई उचलण्याच्या शेपमध्ये खरं तर हजार-दीड हजार व्हर्टेक्स हलतात. ते नुसते यादी करून ठेवले तर 250 शेप मिळून 19 एमबीपेक्षा बरंच कमी लागतं, आणि चूक काहीच येत नाही.

पीसीएत चूक कुठे जाते हाही प्रश्न आहेच. घटक कापले की उरलेली चूक सगळीकडे वाटली जाते. भुवई उचलली की ओठाची कड किंचित थरथरते. सिनेमात कदाचित चालून जाईल, पण जे मूल फक्त ओठांकडे बघून शिकतंय त्याच्यासाठी ते चुकीचं वाचन आहे.

गणितवेडा

थरथरीचा मुद्दा मान्य. पण चेहऱ्याचे भाग पाडून, ओठांचा वेगळा, डोळ्यांचा वेगळा, असा पीसीए केला तर?

मुक्काम मॉन्ट्रियल

तसं केलं तर नक्की चालतं, आणि त्या दिशेने चांगलं काम झालेलं आहे. 2011 साली सेओ, अर्विंग, लुईस आणि नोह यांनी ब्लेंडशेपच्या मॅट्रिक्सचे असे तुकडे पाडून दाबण्याची पद्धत मांडली होती. पण ओवीताईंना आधी सोपं आहे ते करू द्या.

ओवीताई, स्पार्स म्हणजे प्रत्येक शेपसाठी फक्त हलणाऱ्या व्हर्टेक्सचे क्रमांक आणि त्यांचे डेल्टा ठेवायचे. फ्लोटमध्येच ठेवलं तर क्रमांकाचे 4 आणि डेल्टाचे 24, असे 28 बाइट लागतात. म्हणजे एखाद्या शेपमध्ये 85 टक्क्यांहून कमी व्हर्टेक्स हलत असले तरी फायदा आहे. पण त्याआधी एक शंका आहे. एक्सपोर्ट करताना स्पार्सचा पर्याय चालू होता का?

ओवी_पुणे

हो, चालू होता.

मुक्काम मॉन्ट्रियल

मग तुमच्या फाइलचा आकारच सांगतोय की शेप स्वच्छ नाहीत. चेहऱ्याच्या हावभावाला सरासरी दहा-बारा टक्के व्हर्टेक्स हलायला हवेत. तसं असतं तर त्वचेचे शेप फाइलमध्ये 15-20 एमबीत बसले असते. 135 आहे याचा अर्थ स्पार्स करूनही काही वाचलं नाही, जवळजवळ प्रत्येक व्हर्टेक्सला प्रत्येक शेपमध्ये काहीतरी डेल्टा आहे. हे शेप खऱ्या माणसाच्या स्कॅनवरून आलेत का? जबडा उघडण्याच्या शेपमध्ये डोक्याच्या मागच्या बाजूचा एखादा व्हर्टेक्स घ्या आणि त्याचा डेल्टा वाचून सांगा.

ओवी_पुणे

हो, एका अभिनेत्रीचे स्कॅन आहेत, ज्यांनी करून दिले त्यांनी ते आमच्या मेशवर बसवून दिले.

डोक्याच्या मागचा एक व्हर्टेक्स बघितला: `0.000021, -0.000034, 0.000012`. एकक मीटर आहे, म्हणजे 0.04 मिलिमीटर. मग 'हसू' शेप बघितला, त्यात तोच व्हर्टेक्स पाऊण मिलिमीटर हललाय! कवटीच्या मागची बाजू हसताना कशी हलेल? सगळे शेप मोजले: सरासरी 94 टक्के व्हर्टेक्सचा डेल्टा शून्य नाही.

मुक्काम मॉन्ट्रियल

दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

हसूमधला पाऊण मिलिमीटर म्हणजे डोकंच हललंय. स्कॅनच्या वेळी माणूस हसला की डोकं थोडं मागे जातंच. ते आधी काढायचं. जी जागा कोणत्याही हावभावात हलत नाही, म्हणजे कपाळाचा अगदी वरचा भाग, नाकाचं हाड, कानामागची बाजू, ती घ्या आणि तेवढी मूळ चेहऱ्याशी जुळेल असं फिरवणं-सरकवणं शोधून पूर्ण शेपला लावा. हे राहिलं तर नुसता स्पार्सचा फायदा जात नाही, हसताना डोकं मानेवर घसरल्यासारखं दिसतं.

0.04 मिलिमीटर हा स्कॅनचा खरखरीतपणा आहे. तो उंबरठा लावून काढायचा. उंबरठा ठरवताना पडद्याचा विचार करा: 24 सेंटिमीटरचा चेहरा 1200 पिक्सेलमध्ये दिसत असेल तर एक पिक्सेल म्हणजे 0.2 मिलिमीटर. 0.05 चा उंबरठा म्हणजे पाव पिक्सेल.

ओवी_पुणे

आधी डोकं स्थिर केलं, मग 0.05 च्या खालचं सगळं शून्य केलं. 94 वरून 11 टक्के! पण एक नवीन गोष्ट दिसतेय. गाल फुगवला की गालाच्या कडेने, कानाच्या अलीकडे, एक बारीक चमकती रेघ उमटते. टेक्श्चर काढून नुसत्या प्रकाशात ती स्पष्ट दिसते.

मुक्काम मॉन्ट्रियल

ती उंबरठ्याची पायरी आहे. आतल्या व्हर्टेक्सचा डेल्टा 0.05 आणि शेजारच्याचा एकदम शून्य. उंचीतला फरक डोळ्याला दिसत नाही, पण दोन व्हर्टेक्समधलं अंतर दीड मिलिमीटर असेल तर तिथे पृष्ठभाग जवळपास 2 अंशांनी मोडतो. त्वचेवरची चमक 2 अंश लगेच दाखवते. म्हणून एकदम कापू नका, उतार द्या:

`d' = d * smoothstep(t, 3t, |d|)`

`t` च्या खाली शून्य, `3t` च्या वर जसंच्या तसं, मधल्या पट्ट्यात हळूहळू. नॉर्मलचे डेल्टा याच्यानंतर नव्याने काढा, जुने ठेवू नका. आणि लक्षात घ्या, नॉर्मल बदलणारे व्हर्टेक्स पोझिशन बदलणाऱ्यांपेक्षा एक कडं जास्त असतात, कारण स्थिर व्हर्टेक्सचा शेजारी हलला तरी त्याचा नॉर्मल बदलतो. यादी करताना ते कडं धरा.

याहून महत्त्वाचं, दुरुस्तीचे शेप. ते कसे बनलेत? जबडा उघडून हसल्याचा स्कॅन, त्यातून मूळ चेहरा वजा, जबड्याचा शेप वजा, हसूचा शेप वजा, असेच ना? मग जबडा आणि हसू या दोघांचा खरखरीतपणा उलट्या चिन्हाने त्यात बसलेला आहे. तुम्ही आता जबडा आणि हसू स्वच्छ केलेत. दुरुस्तीचा शेप जुनाच वापरलात तर बेरीज स्कॅनशी जुळणार नाही. आधी मूळ 90 स्वच्छ करायचे, मग त्या स्वच्छ शेपवरून दुरुस्तीचे नव्याने वजा करून काढायचे, आणि मग त्यांना उंबरठा लावायचा.

ओवी_पुणे

हे वाचून पोटात गोळा आला, कारण मी 250 एकदमच साफ केले होते. जबडा उघडून हसवून बघितलं आणि खरंच ओठांचे कोपरे एकमेकांत थोडे घुसत होते. आता तुम्ही सांगितलेल्या क्रमाने पुन्हा केलं. कोपरे जागेवर आले, रेघही गेली. टक्केवारी 11 च्याच आसपास आहे.

नवीन फाइल 17 एमबी झाली. पण फोनवर मेमरी आहे तेवढीच!

मुक्काम मॉन्ट्रियल

राहणारच. थ्री.जेएसचा लोडर स्पार्स वाचतो आणि लगेच पूर्ण लांबीचा अॅरे करून देतो. टेक्श्चरही पूर्णच बनतं, तेही फ्लोटमध्ये. फाइलमध्ये 16 बिट केलेत तरी टेक्श्चर 32 बिटचंच. म्हणून शेप थ्री.जेएसच्या मॉर्फमधून बाहेर काढायचे आणि बेरीज स्वतः करायची.

खटपट्या

म्हणजे प्रोसेसरवर? 250 शेप आणि 20 हजार व्हर्टेक्स, जावास्क्रिप्टमध्ये, दर फ्रेमला 50 लाख बेरजा? फोन गरम होईल.

मुक्काम मॉन्ट्रियल

दर फ्रेमला 250 शेप कुठे चालू असतात? बोलणाऱ्या चेहऱ्यात एका वेळी 30-40 चे वेट शून्याहून वेगळे असतात. 40 शेप गुणिले सुमारे 2,200 व्हर्टेक्स, 88 हजार. प्रत्येकी सहा गुणाकार-बेरजा. टाइप्ड अॅरेवर साध्या फोनलाही हे जड नाही. वर जीपीयूला दर फ्रेमला पोझिशन आणि नॉर्मल पाठवायचे, ते 480 केबी.

```js
acc.set(base);
for (const s of shapes) {
  const k = weights[s.id] * s.scale;
  if (k === 0) continue;
  for (let i = 0, d = 0; i < s.idx.length; i++, d += 3) {
    const v = s.idx[i] * 3;
    acc[v]     += k * s.pos[d];
    acc[v + 1] += k * s.pos[d + 1];
    acc[v + 2] += k * s.pos[d + 2];
  }
}
```

`acc` म्हणजे मेशचा पोझिशन अॅरे. `idx` ला 16 बिट पुरतात, कारण व्हर्टेक्स 65,536 पेक्षा कमी आहेत. `pos` सुद्धा 16 बिट पूर्णांक, आणि प्रत्येक शेपचा स्वतःचा `scale`, त्या शेपमधला सर्वांत मोठा डेल्टा भागिले 32767. जबडा 32 मिलिमीटर उघडत असेल तर एक पायरी हजारांश मिलिमीटरची होते. 8 बिटमध्ये तीच पाव मिलिमीटर होईल, आणि जबडा उघडला की हनुवटीच्या त्वचेवर पायऱ्या पडलेल्या दिसतील. पोझिशनला 8 बिट नकोच.

हिशोब: क्रमांक 2, पोझिशन 6, नॉर्मल 8 बिटमध्ये 3, एकूण 11 बाइट. साडेपाच लाख नोंदी. 6 एमबी.

जास्वंद

442 वरून 6? मला दोनदा वाचावं लागलं. दादा, मी युनिटीत काम करते, तिथेही असं हाताने करावं लागेल का?

मुक्काम मॉन्ट्रियल

नाही. मेश जोडले की शेप सगळीकडे पसरतात असं मघाशी म्हटलं ते थ्री.जेएसला धरून होतं. युनिटी आधीपासूनच फक्त हलणारे व्हर्टेक्स ठेवतं: पोझिशन, नॉर्मल, टॅन्जंट आणि क्रमांक मिळून नोंदीला 40 बाइट. तिथे तुमचं काम एवढंच, की शेप स्वच्छ असावेत आणि नॉर्मल-टॅन्जंट नको असतील तर आयात करताना बंद करावेत. अनरियलमध्येही तसंच, तिथे तर उंबरठ्याची सेटिंगही आहे. पण डोकं सरकलेला शेप कुठल्याच इंजिनला ओळखता येत नाही, तो पूर्णच साठवला जातो.

ओवी_पुणे

लिहून बघितलं. दोन ठिकाणी अडखळले, ते इतरांसाठी लिहून ठेवते.

पहिल्यांदा मी जीएलबी नेहमीसारखी लोड करून मग `morphAttributes` मधून यादी बनवली आणि ते रिकामं केलं. फोन लोड होतानाच पडला. रिकामं करण्याआधी पूर्ण 120 एमबी एकदा उभे राहतातच, आणि त्याच वेळी फाइलचा बफरही मेमरीत असतो. आता जीएलबीत फक्त मूळ चेहरा आहे, शेप वेगळ्या फाइलमध्ये.

दुसऱ्यांदा ती वेगळी फाइल मी ब्लेंडरमधून थेट लिहिली. वेट दिल्याबरोबर चेहऱ्यातून काटे बाहेर आले, ओठांचा अर्धा भाग गालात गेला. एक्सपोर्ट करताना यूव्हीच्या शिवणीवर व्हर्टेक्स दुभंगतात, त्यामुळे ब्लेंडरचे क्रमांक आणि जीएलबीचे क्रमांक एक नसतात. मग एक्सपोर्ट झालेल्या जीएलबीतूनच, लॅपटॉपवर नोडमध्ये, शेप वाचून फाइल लिहिली. आता सगळं जागच्या जागी आहे.

काल शिक्षिकांच्या फोनवर 40 मिनिटं सलग चाललं. मध्ये फोन आला, त्यांनी बोलून परत उघडलं, पान तसंच होतं. 'ळ' म्हणताना जीभ मागे वळलेली दिसते म्हणून त्यांनी ते तीनदा परत परत लावून बघितलं.

एकच खटकतंय. वरच्या ओठाच्या धारेवरची चमक हळू उच्चारात मध्येच उडी मारते. नॉर्मल फ्लोटमध्ये ठेवले तर उडी जाते.

मुक्काम मॉन्ट्रियल

8 बिटचे नॉर्मल. ओठ आत वळतो तेव्हा नॉर्मलचा डेल्टा मोठा असतो, त्यामुळे `scale` मोठा होतो आणि एक पायरी जवळजवळ अर्ध्या-एक अंशाची होते. ओठांचे शेप तेवढे 16 बिटवर न्या, बाकीचे राहू द्या.

गणितवेडा

मला वाटतं नॉर्मलचे डेल्टा ठेवूच नयेत. बेरीज प्रोसेसरवरच होतेय, तर हललेल्या त्रिकोणांवरून दर फ्रेमला नॉर्मल नव्याने काढा. आणखी मेमरी वाचेल, आणि अनेक शेप एकत्र आले की नॉर्मलच्या नुसत्या बेरजेत जी चूक येते तीही जाईल.

मुक्काम मॉन्ट्रियल

बेरजेच्या चुकीबद्दल तुम्ही बरोबर आहात, नॉर्मल सरळ बेरजेने बदलत नाही. पण यूव्हीच्या शिवणीवर दुभंगलेले व्हर्टेक्स जोडीने धरावे लागतील, नाहीतर शिवण दिसेल. आणि साध्या फोनवर दर फ्रेमला 40 हजार त्रिकोण परवडतील का, हे मोजल्याशिवाय मी सांगणार नाही. फक्त हललेल्या भागापुरतं केलं तर कदाचित परवडेल.

जास्वंद

शेप सोडून हाडांनीच सगळं केलं तर? आमच्यात एक जण म्हणत होता की नवीन पद्धतीत तसं करतात.

मुक्काम मॉन्ट्रियल

शेपवरून हाडं आणि त्यांची वेट आपोआप शोधणारी पद्धत निदान 2012 पासून आहे, आणि 2024 च्या सिग्राफमध्ये लाडिस्लाव कावान आणि सहकाऱ्यांनी खास चेहऱ्याच्या ब्लेंडशेपसाठी तीच दिशा पुढे नेली, फोनसारख्या लहान यंत्रांचा विचार करून. मेमरीत ती याच्याही खाली जाऊ शकते. पण ओठ मिटताना जी बारीक घडी पडते ती त्यात किती टिकेल हे प्रत्येक चेहऱ्यावर तपासावं लागतं. ओवीताईंच्या कामात नेमकी तीच घडी हवी आहे.

ओवी_पुणे

ओठांचे 61 शेप 16 बिटवर नेले. त्यांच्या यादीत साधारण दीड लाख नोंदी आहेत, म्हणजे अर्धा एमबी वाढला. चमकेची उडी गेली. गणितवेडा, नॉर्मल नव्याने काढण्याचं या शनिवारी करून बघते, शिवणीच्या जोड्यांची यादी एक्सपोर्टच्या वेळीच लिहून ठेवेन. त्याच फोनवर दोन्ही पद्धतींना लागणारा फ्रेमचा वेळ मोजून इथे टाकते.